आज्जी आणि नात एकाच सीनमध्ये : बोली एक, बोलणं दोन

प्रश्न : कोल्हापुरातल्या घरातला सीन लिहितेय. आज्जी आणि बी.कॉम.ला असलेली नात पूर्वा गच्चीवर चटणीच्या मिरच्या निवडत बसल्यात, आणि पूर्वाला सांगायचंय की तिला पुण्यात इंटर्नशिप मिळालीय. आज्जीला गावरान दिलं, पूर्वाला इंग्लिश दिलं, तरी नावं झाकली की दोघी सारख्याच वाटतात, आणि गावरान वाढवलं की आज्जी कॉमेडी वाटते. फरक नक्की कुठं करायचा? आत्ता असं आहे :

पूर्वा : आजी, मला इंटर्नशिप मिळाली आहे. मी पुण्याला जाणार आहे.
आज्जी : आगं बया! पुन्याला? आन् ते काय अस्तंय, इंटरनेट?
पूर्वा : इंटरनेट नाही गं आजी, इंटर्नशिप! चिल!
आज्जी : लेकीच्या जातीनं येवढं लांब जाऊ नये बाये.

उत्तर :

आधी पूर्वाकडं बघूया, आज्जी नंतर, कारण खरा घोळ पूर्वाच्या वाक्यात आहे. "मला इंटर्नशिप मिळाली आहे, मी पुण्याला जाणार आहे" असं कोल्हापुरात वाढलेली पोरगी गच्चीवर मांडी घालून बसून आज्जीला म्हणत नाही. हे बातम्यांतलं मराठी झालं. ती म्हणेल, "आज्जी, मी पुण्याला चाल्लोय." चाललेय नाही, चाल्लोय. कोल्हापुरात बायका-पोरी स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जातो, मी जेवालोय' असंच बोलतात हे तुम्हाला माहीतच असणार. कन्नडच्या शेजारानं हे आलं असं बरेच जण सांगतात, आणि कन्नडमध्ये 'मी' बरोबरच्या क्रियापदाला बाई-पुरुष हा फरक नसतो हे खरंच आहे. कारण काहीही असू दे, मुद्दा असा की हे आज्जी पण बोलते आणि नात पण बोलते. तुम्ही बोली सगळी आज्जीच्या वाट्याला टाकली आणि नातीला प्रमाण भाषा दिली, त्यामुळं वाचकाला वाटतं की नात बाहेरून सुट्टीला आलीय आणि आज्जी म्हणजे गावाकडचं एक पात्र आहे. एका घरातल्या, एकाच परातीतल्या मिरच्या निवडणाऱ्या दोघी त्या वाटतच नाहीत.

म्हणून पहिलं काम, दोघींना खालची जमीन एकच द्या. 'मी येतो' दोघींना. 'करालोय, बघालीस, बोलालतीस' हे दोघींना. शेवटचा 'की' दोघींना, 'ये की, सांग की, ऐकलं की'. आणि 'लागतं, असतं' च्या जागी 'लागतंय, असतंय', हेही दोघींना. एवढं केलं की सीन कोल्हापुरात येऊन बसतो आणि मग फरक करायला तुमचे हात मोकळे होतात, कारण आता बोलीवर भार टाकून चालणार नाही हे तुम्हालाच दिसायला लागतं.

आता आज्जीचं स्पेलिंग. उच्चार जसाच्या तसा लिहायचा मोह फार होतो, पण वाचणाऱ्याचं डोकं दोन ओळीत शिणतं. मी आज्जीसाठी चार-पाच खुणा ठरवून घेतो आणि पूर्ण स्क्रिप्टभर तेवढ्याच ठेवतो. तुमच्या आज्जीला मी ह्या देईन : न्हाई आणि नगं, हुती-हुतं, कवा-तवा, म्हंजी, तुजं-माजं. बस. 'ण' चा 'न' करू नका. आज्ज्या तसं बोलतात हे खरं आहे, पण कागदावर 'पानी' लिहिलं की डोळा ते हिंदी म्हणून वाचतो, आणि 'कुनी, म्हनून, आनि' असं ओळीत चार वेळा आलं की माणूस अर्थ सोडून अक्षरं वाचत बसतो. नटी कोल्हापूरची असेल तर ती 'ण' लिहिला तरी 'न' च म्हणणार आहे, आणि नसेल तर लिहूनही तिला ते जमणार नाही.

मग फरक कुठं करायचा, तर त्या बोलून काय करतात त्यात. आज्जीला प्रश्न विचारला की ती उत्तर कशी देते, नको असलेली गोष्ट ती कशी टाळते, वेळ कशानं मोजते, माणसाला काय म्हणते. शब्द तेच असले तरी ह्या जागा वयाप्रमाणं बदलतात.

टाळण्यापासून सुरू करतो. तुमच्या ड्राफ्टमधली आज्जी सरळ मत देऊन मोकळी होते, "लेकीच्या जातीनं लांब जाऊ नये". असं वाक्य सीन तिथंच संपवतं, कारण आता पूर्वाला फक्त भांडायचं उरलं. खऱ्या घरातली आज्जी, निदान ज्या आज्ज्या मी ऐकल्यात त्या, 'नको' हा शब्दच काढत नाहीत. त्या कामाचं बोलतात. चटणी कोण नेणार डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर, तुज्या आईला सुट्टी आहे का, तिथं जेवायचं काय. नकार हा कामाच्या प्रश्नातून येतो, आणि होकारही कामातूनच येतो. हे तुम्हाला फुकटात मिळालेलं आहे कारण तुमचा सीनच मिरच्या निवडायचा आहे, हातात काम आहे. आज्जीची निम्मी वाक्यं मिरचीबद्दल असू द्या. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, दोन्ही एकत्र झाल्या तर मापाचा अंदाज चुकतो, त्यामुळं "ती तिकडं ठेव, ह्यात मिसळू नगंस" हे ती सारखं म्हणणार. ही भरतीची वाक्यं नाहीत. पूर्वाचा विषय टाळायला तिला हीच वाक्यं उपयोगाला येतात.

पूर्वा उलट करते. ती बातमी आधी टाकते आणि लगेच ती लहान करत जाते. "मला ना, इंटर्नशिप मिळाली. पुण्यात. म्हणजे दोनच महिने." हे 'म्हणजे' फार महत्त्वाचं आहे. आत्ताच्या कॉलेजच्या पोरांच्या बोलण्यात बघा, वाक्य पुढं जात नाही, ते मागं येऊन स्वतःला दुरुस्त करतं. 'म्हणजे', 'तसं नाही', 'ऐक ना', 'ॲक्च्युली'. तुकडे पडतात, क्रियापद गळतं. आज्जीचं वाक्य तुकड्यात पडत नाही, ते एकाला एक जोडत पुढं जातं. सकाळी उठून पाणी भरून भाकऱ्या टाकून मग रानात जायचो आम्ही, असं 'ऊन-ऊन' करत चाललेलं वाक्य तिचं असतं आणि ते मधेच तोडलं की तिचा आवाज जातो.

हे नीट दिसावं म्हणून एकच प्रसंग दोघींच्या तोंडून सांगतो. दवाखान्यात डॉक्टरनं आज्जीला खाली बसू नका म्हणून सांगितलंय.

आज्जीचं : "डॉक्टर म्हणाला आज्जी खाली बसू नका म्हणून, तर मी म्हणालो खाली बसायचं न्हाई तर भाकरी काय उभ्यानं थापू का काय, तर तोच हसाय लागला."

पूर्वाचं : "डॉक्टर हिला, खाली बसायचं नाही. ही, मग भाकरी कशी करू? डॉक्टरच गप. म्हणजे, मला तर हसूच आवरंना."

दोन्हीत कोल्हापूर आहे. इंग्रजी शब्द म्हणावा तर 'डॉक्टर', तो दोघींकडं आहे. तरी नावं झाकून वाचा, कोण कोण ते लगेच कळतं. आज्जी दुसऱ्याचं बोलणं सांगताना 'म्हणाला', 'म्हणून', 'म्हणालो' हे सगळं ठेवते, 'तर' नं जोडते आणि एका दमात शेवटापर्यंत जाते. पूर्वा 'म्हणाला' टाकूनच देते, नुसतं 'डॉक्टर हिला' म्हणून थेट बोलायला लागते, आणि गोष्ट शेवटी स्वतःवर आणते. हा फरक एकदा कानाला लागला की गावरान मीठमसाला लावायची गरजच राहत नाही.

इंग्रजी शब्दांचं पण सांगतो, कारण तिथंच तुमची आज्जी कॉमेडी झालीय. 'इंटरनेट' चा विनोद काढून टाका. आजची आज्जी मोबाइलवर कीर्तन बघते, "नेट गेलंय काय बघ" असं नातीला तीच ओरडते. तिच्याकडं इंग्रजी शब्द भरपूर आहेत, फक्त ते जुने आहेत आणि तिनं ते मराठी करून टाकलेत. लायटी गेल्या, पेन्शनीचं काम, गॅसची टाकी, इंजिक्शनं, टायमात ये. ती शब्दाला मराठी प्रत्यय लावून त्याला घरचा करते. पूर्वा शब्द तसाच ठेवते आणि मागं 'करणं' नाहीतर 'होणं' लावते, जॉइन व्हायचंय, कन्फर्म झालं, मेल करतो. म्हणजे कुणाकडं किती इंग्रजी आहे हे मोजण्यापेक्षा ती त्या शब्दाचं काय करते ते बघा. पूर्वाला 'चिल' सारखे शब्द देऊ नका. त्या वयाची भाषा दाखवायला असले शब्द घातले की दोन वर्षांत स्क्रिप्ट शिळी होते, आणि 'नाद खुळा', 'जाळ अन् धूर संगटच' हे तर आता टी-शर्टवर छापून झालंय, घरात आज्जीशी बोलताना ते कुणी वापरत नाही, मित्रांच्या कट्ट्यावर ठीक आहे.

वेळ आणि जागा. पूर्वा तारीख सांगते, आज्जी सण, नक्षत्र नाहीतर घरात घडलेली गोष्ट सांगते. महापूर कधी आला, तर पूर्वाचं '2019', आज्जीचं "पाणी आलतं तवा, तू आठवीत हुतीस". पूर्वाचं सीपीआर, आज्जीचा थोरला दवाखाना. दोघी एकाच इमारतीबद्दल बोलतायत. आज्जी नवऱ्याचं नाव घेणार नाही, 'ह्यांनी' म्हणेल, पूर्वा 'आजोबा' म्हणेल. हे शब्द शोभेला घालू नका, त्यातून काहीतरी अडलं पाहिजे. एकीला दुसरीचं कॅलेंडर कळत नाही आणि त्यामुळं एक जास्तीचा प्रश्न विचारावा लागतो, असं झालं तर तो फरक सीनमध्ये कामाला लागला.

आता सगळं एकत्र लावून तुमचाच सीन लिहितो. मे महिन्याचा शेवट धरलाय, चटणीला जरा उशीरच झालाय, वळीव कधीही येईल, म्हणून आज्जी घाईत आहे.

आज्जी : देठ काढताना बी सांडू नगंस. आणि ती ब्याडगी तिकडं. ह्यात मिसळलीस तर परत निवडाय बसवीन.

पूर्वा : आज्जी, ऐक की.

आज्जी : ऐकालोय. हात चालू दे.

पूर्वा : मी पुण्याला चाल्लोय. म्हणजे लगेच नाही. इंटर्नशिप मिळाली. दोनच महिने.

आज्जी : औंदा मिरची काय खरी न्हाई. गेल्या साली कशी लालभडक हुती.

पूर्वा : आज्जी.

आज्जी : ऐकलं की. जेवायचं काय तिथं?

पूर्वा : मेस असतीय. आणि स्टायपेंड पण आहे. एक जूनला जॉइन व्हायचंय.

आज्जी : म्हंजी मिरगाच्या आधीच.

पूर्वा : मिरग कधी असतोय?

आज्जी : चटणी डंकावर नेणार कोण मग? तुज्या आईला सुट्टी न्हाई आणि माजं गुडघं मला उठू देत न्हाईत.

(पूर्वाचा फोन वाजतो. ती कोपरानं केस मागं सारते, तिखटाचा हात फ्रॉकला पुसते.)

पूर्वा : हॅलो. हो मॅम. हो, मी रविवारीच येते. नाही नाही, डॉक्युमेंट्स आजच मेल करते. थँक्यू मॅम.

(आज्जीचा हात थांबलेला.)

आज्जी : कुणाशी बोलालतीस?

पूर्वा : ऑफिसातल्या मॅडम.

आज्जी : 'येते' म्हणालीस.

पूर्वा : तिथं तसंच बोलाय लागतंय.

आज्जी : बोल की मग. मी काय म्हणालो.

पूर्वा : डंकावर मी नेतो. शनिवारच्या आत. आणि पंचमीला मी हितंच असतो.

आज्जी : तो मोठा डबा काढून ठेव. दोन महिन्याला किलोभर लागंल तुला. मेसच्या आमटीचं काय खरं न्हाई.

बघा, आज्जीनं 'जा' म्हटलेलं नाही आणि 'जाऊ नको' पण म्हटलेलं नाही. डबा काढ म्हणाली, तोच होकार. पूर्वानं पण 'प्लीज' वगैरे म्हटलेलं नाही, तिनं आज्जीच्या भाषेत उत्तर दिलं, काम स्वतःकडं घेतलं आणि 'जुलै एंड' न म्हणता पंचमी म्हणाली. मिरग म्हणजे मृग नक्षत्र, ते तिला कळत नव्हतं, पण पंचमी तिला माहिती आहे, तेवढीच ती आज्जीच्या बाजूला सरकली. दोन माणसांची बोलणी वेगळी ठेवायची म्हणजे ती शेवटपर्यंत समांतर चालवायची असं नाही, कुठंतरी एकीनं दुसरीचा शब्द उचलला पाहिजे, नाहीतर त्या एकमेकींचं ऐकतायत हेच दिसत नाही. फक्त हे एकदाच करा आणि सीनच्या शेवटाकडं करा. सुरुवातीलाच केलं तर फरक बसायच्या आधीच पुसला जातो.

असं सणाचं नाव घातलं की पंचांग उघडून बघायचं, हे मी प्रत्येकाला सांगतो. 2025 ला नागपंचमी 29 जुलैला होती, 2026 ला ज्येष्ठ अधिक असल्यामुळं ती 17 ऑगस्टला जाते. म्हणजे 2025 चा सीन असेल तर जुलैअखेरपर्यंत इंटर्नशिप असणारी पूर्वा पंचमीला रजा काढल्याशिवाय घरी येऊच शकत नाही, आणि आज्जीला ते बरोबर माहीत असणार. मिरगाला ही भानगड नाही, तो सूर्यावर असतो, दरवर्षी 7-8 जूनच्या आसपासच लागतो.

आता त्या 'येते' बद्दल, कारण सगळा सीन त्या एका शब्दावर उभा आहे. पूर्वाच्या तोंडात दोन मराठी आहेत. घरात आणि कोल्हापूरच्या मैत्रिणींत 'येतो', आणि पुण्याच्या मॅडमशी 'येते'. ती हे मुद्दाम करत नाही, फोन कानाला लागला की आपोआप होतं. कोल्हापूरच्या बऱ्याच कॉलेजच्या पोरी असं करतात, इंटरव्ह्यूला जाताना रिक्षातच त्यांची भाषा बदललेली असते. आज्जीकडं हा बदल नाही. ती पाहुण्यांशी जपून बोलेल, जावयाला 'या बसा' करेल, पण 'मी येतो' हे ती सगळ्यांना 'मी येतो' च म्हणणार, बँकेतल्या साहेबाला पण. म्हणजे दोघींतला सगळ्यात मोठा फरक हा आहे की एकीची भाषा समोरच्या माणसाप्रमाणं बदलते आणि दुसरीची फारशी बदलत नाही. आणि हे दाखवायला सीनमध्ये तिसरा माणूस लागतो, निदान फोनवर तरी. दोघीच असतील तर पूर्वा सगळा वेळ एकाच भाषेत बोलणार आणि तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार वापरायचं राहून जाणार. आज्जीनं तो एक शब्द पकडला म्हणजे पोरगी आधीच निम्मी गेलीय हे तिला कळलं, तेवढंच आपल्याला दाखवायचंय. त्यावर आज्जीला भाषण देऊ नका. तुम्हाला फार वाटेल की इथं तिनं मातीबद्दल, बोलीबद्दल काहीतरी म्हणावं. नको. "मी काय म्हणालो" एवढंच तिचं.

लिहून झालं की तपासायचं कसं, तर मी दोन गोष्टी करतो. एक म्हणजे आज्जीची सगळी वाक्यं प्रमाण मराठीत लिहून बघतो. 'न्हाई' चं 'नाही', 'तुजं' चं 'तुझं'. "ऐकलं. जेवायचं काय तिथं?" हे अगदी पुस्तकी करूनही आज्जीचंच राहतं, कारण बातमी ऐकल्यावर पहिला प्रश्न जेवणाचा विचारणं हे तिचं आहे. उलट तुमच्या ड्राफ्टमधलं "आगं बया! पुन्याला?" प्रमाण केलं तर "अरे बापरे, पुण्याला?" उरतं, आणि ते कुणीही म्हणू शकतं, शेजारचा पोरगा पण. ज्या वाक्यातून बोली काढली की माणूसही निघून जातो, ते वाक्य परत लिहायचं. दुसरी गोष्ट, वाक्यांची अदलाबदल. आज्जीची ओळ पूर्वाला द्या. "म्हणजे लगेच नाही" हे आज्जी म्हणू शकते का? नाही, ती बातमी अशी हप्त्यानं देत नाही. "हात चालू दे" हे पूर्वा आज्जीला म्हणेल का? म्हणाली तर उद्धटपणा होईल. "ऐक की" मात्र दोघी म्हणू शकतात, आणि अशा दोन-चार ओळी राहू द्याव्यात, एका घरातल्या माणसांत तेवढं सामाईक असणारच.

म्हणींचं थोडक्यात. आज्जी म्हणजे म्हण, असं समीकरण करू नका. दिवसभर आज्ज्यांबरोबर बसलात तरी म्हण एखादीच ऐकू येते. वरच्या सीनमध्ये एकही नाही आणि ती कमी आज्जी वाटत नाही. शिव्या मात्र खऱ्या असतात, "मुडदा बशिवला तुजा" हे लाडानं पण येतं, पण ते पूर्वाच्या हातून परात उपडी झाली तर, इंटर्नशिपच्या बातमीला नाही.

एक गोष्ट लिहायला बसायच्या आधी ठरवा, आज्जीचं माहेर. घर कोल्हापुरातलं असलं तरी तिची भाषा माहेरची असते. शहरातल्या शिवाजी पेठेतली लेक आणि राधानगरीकडून लग्न करून आलेली, ह्या दोघी सारखं बोलत नाहीत. गडहिंग्लज-निपाणीकडची असेल तर कन्नडचा वास जास्त येणार, मुसलमान घरातली असेल तर मराठीत दखनी मिसळणार, आणि पेठेतल्या जुन्या ब्राह्मण घरातली असेल तर वरच्या स्पेलिंगच्या खुणांतल्या बऱ्याचशा तिला बसणारच नाहीत, तिथं फरक नुसत्या वागण्या-बोलण्यावरच करावा लागेल. माहेर ठरलं की तिकडच्या चार बायकांचं बोलणं ऐका. मे महिन्यात डंकावर नंबर लावून बायका बसलेल्या असतात, तासभर तिथं नुसतं बसलात तरी पुरे, पण कुणाचं रेकॉर्डिंग न विचारता करू नका. पूर्वासाठी कॉलेजच्या कँटीनपेक्षा केएमटीच्या बसमध्ये कान द्या, तिथं पोरी मैत्रिणीशी एक आणि फोनवर एक असं बोलताना सापडतात.

शेवटचं, कोल्हापूरच्या बाहेर हे वाचलं किंवा बघितलं जाणार असेल तर. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पूर्वाचं 'चाल्लोय' ऐकून नटी चुकली असं वाटायची शक्यता आहे, आणि मग 'येते' आल्यावर त्याला ते बरोबरच वाटेल, म्हणजे सीन उलटाच पोचेल. म्हणून फोन वाजायच्या आधी 'मी ...तो' हे निदान तीन वेळा आलं पाहिजे, आणि त्यातलं एक तरी आज्जीच्या तोंडी, म्हणजे घरात असंच बोलतात हे बसतं. वर आत्ता दोनदाच आलंय, 'ऐकालोय' आणि 'चाल्लोय'. आज्जी मिरची औंदा खरी न्हाई म्हणते त्यानंतरच्या नुसत्या 'आज्जी' च्या जागी पूर्वाला "आज्जी, मी काय सांगालोय?" असं द्या, तिसरं तिथं बसेल. आणि 'येते' म्हणताना पूर्वा उठून लांब जाणार नाही, आज्जीच्या शेजारीच बसून फोन घेईल, एवढं रंगसूचनेत स्पष्ट लिहा, नाहीतर दिग्दर्शक तिला हमखास गच्चीच्या कठड्याला नेऊन उभी करतो आणि आज्जीला तो शब्द ऐकूच जात नाही.